बावीस माणसं, आठ मिनिटं: एका मालकांचं आभाराचं भाषण

दादर पश्चिमेला स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर एक मालवणी रेस्टॉरंट आहे. खाली चौदा टेबलं, पोटमाळ्यावर आणखी सहा आणि दारातच पार्सलचा काउंटर. फेब्रुवारी 2015 मध्ये ते सुरू झालं. मालक वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले, गल्ल्यावर स्वतः बसणारे. दहा वर्षं पूर्ण होताना कामगारांसाठी जेवण ठेवायचं आणि तिथे चार शब्द बोलायचे असं त्यांनी ठरवलं. मी कार्यक्रमांचं निवेदन करते, लोकांना भाषणंही लिहून देते. जानेवारीच्या सुरुवातीला ते हातानं लिहिलेली चार पानं घेऊन आले आणि म्हणाले, "एवढी भाषा जरा नीट करून द्या." पुढे जे काही झालं ते त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं सगळी काढली आहेत.

भाषेत दुरुस्त करण्यासारखं फार नव्हतं. मालक चांगलं मराठी लिहितात. अडचण चार पानांच्या वाटणीत होती. पहिली दोन पानं जागेची पागडी, बँकेचं कर्ज, लायसन्ससाठी मारलेल्या फेऱ्या आणि पहिल्या वर्षीचा तोटा यांची होती. तिसरं पान लॉकडाऊनचं. चौथ्या पानावर "या वाटचालीत माझ्या सर्व सहकाऱ्यांचा मोलाचा वाटा आहे" असं वाक्य, त्याखाली सुरुवातीपासून असलेल्या सहा जणांची नावं, आणि शेवटी घोषणा: दहा वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ग्रॅच्युइटी देण्यात येईल. ऐकणारे बावीस जण होते आणि त्यांतल्या सोळांचं नावही कुठे नव्हतं. शिवाय सगळं मिळून अडीच हजार शब्द होते. माइकवर सावकाश बोललं की मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. दिवसभर उभं राहून काम केलेल्या, पोटात भूक असलेल्या माणसांसमोर एवढं बोलणं म्हणजे त्यांची परीक्षा घेणं.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. हे भाषण दुसऱ्या एखाद्या हॉटेलच्या मालकानं नावं बदलून वाचलं, तर कुणाच्या लक्षात येईल का? त्यांनी पानं चाळली आणि मान हलवली. पागडीची गोष्ट त्यांची होती. आभाराचा मजकूर मात्र कुणाचाही असू शकला असता.

आधी देणं, मग आभार

भाषण लिहायला बसण्याआधी पैशांच्या दोन गोष्टी मोकळ्या कराव्या लागल्या. या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच.

पहिली ग्रॅच्युइटीची. मालकांच्या मनात ती बक्षीस होती. पण तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षं सलग काम केलेल्याला, काम सोडताना किंवा निवृत्त होताना, ग्रॅच्युइटी द्यावीच लागायची. हिशोब सोपा होता: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचं. 15,600 रुपये पगार असलेल्या माणसाचे दहा वर्षांचे 90,000 रुपये व्हायचे. हा त्याचा साठलेला हक्क आहे. तो टाळ्यांच्या गजरात भेट म्हणून जाहीर केला, तर ज्याला कायदा माहीत आहे तो मनातून दुखावतो. ज्याला माहीत नाही त्याला एखादा भाचा नाहीतर शेजारी दुसऱ्या दिवशी सांगतो, आणि मग त्या रात्रीचा प्रत्येक शब्द संशयाचा होतो. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. रक्कम पगारावर ठरत असल्यामुळे आकडे जाहीर केले की कुणाचा पगार किती हे सगळ्यांसमोर येतं. मालकांनी ती घोषणा काढली. त्याऐवजी सहाही जणांना एकेकट्याला बोलावून, आज सोडलं तर किती मिळतील ते कागदावर लिहून दिलं. त्यांच्यातल्या दोघांना असं काही मिळतं हेच ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट तिसऱ्या पानात दडलेली होती. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला. महाराष्ट्रात बसून जेवायला परवानगी मिळाली ती 5 ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. मधले सहा महिने फक्त पार्सल चालू होतं. पानावर वाक्य होतं, "त्या काळात आपण सर्वांनी मिळून सोसलं." मी विचारलं, पगाराचं काय केलं होतं? एप्रिल ते सप्टेंबर निम्मा पगार दिला, असं ते म्हणाले. आणि उरलेला? "पुढे बघू म्हणालो होतो." पुढे 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा नुसत्या पार्सलवर यावं लागलं, मग उधाऱ्या फेडायच्या होत्या, आणि ते राहून गेलं. कामगारांपैकी कुणीही परत विचारलं नव्हतं.

विचारलं नाही म्हणजे विसरले असं होत नाही. 14,000 पगार असलेल्या माणसाचे त्या सहा महिन्यांत 42,000 रुपये मालकांकडे राहिले होते. एवढ्यात गावच्या घरावर पत्रे पडतात, मुलीच्या कॉलेजची फी भरली जाते. त्या माणसाला स्टेजवरून "तुम्ही माझ्यासाठी सोसलंत" असं सांगणं म्हणजे त्याच्या तोंडूनच देण्यावर पावती घेणं. असं वाक्य कितीही मनापासून म्हटलं तरी समोरचा ते रकमेच्या बाजूला ठेवून ऐकतो. आभाराचं भाषण थकलेलं देणं बुडवण्यासाठी वापरायचं नसेल, तर देणं आधी फेडलं पाहिजे आणि भाषणात त्याचा डंका वाजता कामा नये, असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते तसंच सांगितलं.

मालक दोन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांनी पगाराचं रजिस्टर काढलं. त्या काळातले नऊ जण अजून कामावर होते आणि त्यांची बाकी साधारण पावणेचार लाख होत होती. आधीच्या बेतात बँक्वेट हॉल, ऑर्केस्ट्रा आणि प्रत्येकाला नाव कोरलेली ट्रॉफी होती. तो बेत रद्द करून जेवण आपल्याच रेस्टॉरंटमध्ये ठेवायचं ठरलं. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून 31 जानेवारीला, पगारासोबत, नऊ जणांच्या खात्यात रक्कम जमा झाली. प्रत्येकाला चिठ्ठी मिळाली: एप्रिल ते सप्टेंबर 2020 ची बाकी, इतके रुपये. भाषणाला अजून दहा दिवस होते.

माणसांकडून माणसांबद्दल

आता भाषणात काय असावं? मालक गल्ल्यावर बसतात. त्यांना समोरचं टेबल दिसतं, आतली मोरी दिसत नाही. प्रत्येकाबद्दल त्यांना जे आठवत होतं ते "प्रामाणिक आहे, मेहनती आहे" इथेच थांबत होतं. म्हणून आम्ही दुपारी चार ते सहा या मधल्या वेळेत, जेव्हा भट्टी बारीक असते आणि पोरं जेवून पाठ टेकतात, तेव्हा एकेकाशी बोलायचं ठरवलं. प्रश्न स्वतःबद्दल विचारला की माणूस लाजतो किंवा तक्रार सांगतो. म्हणून प्रश्न दुसऱ्याबद्दल होता: तुमच्या बाजूला काम करणाऱ्यानं केलेली अशी एक गोष्ट सांगा, जी मालकांना माहीत नाही.

यातून जे निघालं ते मालकांनी वहीत उतरवून घेतलं. भाकऱ्या करणाऱ्या ताई दुपारी साडेअकरापासून साडेतीनपर्यंत चुलीपाशी असतात. तांदळाची भाकरी थापून ठेवता येत नाही, ऑर्डर आली की तव्यावर जाते. पण शेवटची ऑर्डर गेल्यावर त्या रोज चार भाकऱ्या जास्त टाकतात. उशिरा जेवणाऱ्या वेटरांना गार चपाती खावी लागू नये म्हणून. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मासे कापणाऱ्या दादांबद्दल तव्यावरच्या मुलानं सांगितलं की सुरमईची तुकडी ते अंगठ्याच्या पेरानं मोजून एकसारखी कापतात. जाडी सारखी असली की तव्यावर एक तुकडी कच्ची आणि दुसरी करपलेली असं होत नाही, त्यामुळे परत येणारी प्लेट कमी, आणि शिव्या तव्यावाल्याला बसत नाहीत. पार्सलवरचा मुलगा सोलकढीचा डबा वेगळ्या पिशवीत देतो आणि पिशवीची गाठ एका विशिष्ट पद्धतीनं मारतो. तशी गाठ सगळ्यांनी मारायला सुरुवात केल्यापासून सांडल्याचे फोन जवळजवळ थांबले. मोरीवरच्या मावशींबद्दल तिघांनी वेगवेगळं एकच सांगितलं: शनिवारी रात्री ताटांचा ढीग लागला की त्या आधी कढया घासून देतात, कारण ताटं कमी पडली तर चालतं, कढई अडली तर आख्खं स्वयंपाकघर अडतं.

प्रत्येक गोष्ट दुसऱ्या एकाकडून तपासून घेतली. हे फार आवश्यक आहे. चुकीच्या माणसाला श्रेय गेलं, तर ज्यानं खरं काम केलं तो ते आयुष्यभर विसरत नाही.

काही गोष्टी मात्र मिळूनही घेतल्या नाहीत. मुख्य आचारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, वडील गेल्यावर काही दिवसांतच कामावर परतले होते, कारण तो गटारीचा आठवडा होता. श्रावण लागण्याआधीचे ते दिवस मासे-मटणाच्या हॉटेलांना वर्षातले सगळ्यात मोठे. मालकांना हे सांगायचं होतं. त्यांनी काकांना विचारलं. काका म्हणाले, "ता नको, शेठ." विषय संपला. एखाद्याचं दुःख, आजारपण, उसनवारी, सुटलेलं व्यसन हे त्याच्या परवानगीशिवाय माइकवर येता कामा नये, मग हेतू कितीही चांगला असो.

दुसरं वाक्य मी आग्रहानं काढायला लावलं: "आमच्या कॅप्टननं दहा वर्षांत एकदाही सुट्टी घेतली नाही." ते ऐकायला कॅप्टनची, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाची, बायको आणि दोन मुलं येणार होती. त्यांना ते कौतुक कसं वाटेल? शिवाय आठवड्याची सुट्टी देणं ही कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे. ती दिली गेली नाही असंच त्या वाक्यातून निघतं. प्रत्यक्षात कॅप्टन सोमवारी सुट्टी घेत होते, ते नुसतं बोलायचं म्हणून लिहिलेलं होतं. अशी फुगवलेली स्तुती शेजारी बसलेल्यांना लगेच कळते, आणि मग पुढची खरी स्तुतीही फुगवलेली वाटते.

क्रम कसा लावला

बावीस माणसांना आठ मिनिटांत बसवायचं होतं. प्रत्येकाला सरासरी पंचवीस-तीस शब्द, म्हणजे दोन-तीन वाक्यं. प्रश्न क्रमाचा होता. हुद्द्यानं लावलं तर मोरी शेवटी येते आणि तोवर मुलं पेंगायला लागतात. नोकरीच्या वर्षांनी लावलं तर मागच्या महिन्यात आलेल्या दोघांना जागाच राहत नाही.

आम्ही रेस्टॉरंटचा एक दिवस घेतला. पहाटे ससून डॉकवर मासळी घेण्यापासून रात्री शटर ओढण्यापर्यंत. ज्याचं काम ज्या वेळी सुरू होतं त्या वेळी त्याचं नाव. या क्रमात वरचा-खालचा कुणी उरत नाही आणि कुणी सुटण्याची भीतीही राहत नाही, कारण दिवस चालायचा तर प्रत्येकाच्या जागेवरून जावंच लागतं. तरीसुद्धा शेवटी हजेरीपट उघडून एकेका नावापुढे खूण केली. आठवणीवर विसंबून केलेल्या यादीत सुटतो तो नेहमी ज्याला सुट्टी असते तोच. इथे त्या आठवड्यात गावी गेलेला एक हेल्पर सुटला होता. त्याचंही नाव घेतलं आणि त्याच्या वाट्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं ठरलं.

नावांचाच आणखी एक प्रश्न होता. आत सगळ्यांना टोपणनावं. एका चाळिशीच्या माणसाला दहा वर्षं "छोटू" म्हणतात आणि त्यालाही त्याचं काही वाटत नाही. पण त्या रात्री त्याची मुलगी येणार होती. प्रत्येकाला विचारलं, घरच्यांसमोर कोणत्या नावानं बोलावू? छोटूनं आधार कार्डावरचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. ओडिशाच्या दोघांची आणि नेपाळच्या एकाची आडनावं मालकांनी त्यांच्याकडूनच म्हणवून घेतली आणि वहीत आपल्याला वाचता येतील अशी फोडून लिहिली.

भाषेचंही तसंच. बारा जण मराठी बोलणारे, त्यांतले बरेच मालवणी. बाकीचे झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि नेपाळचे. आधी मराठीत आणि मग हिंदीत, असं दोनदा बोलायचं मालकांच्या मनात होतं. त्यानं वेळ दुप्पट होतो आणि अर्धी माणसं आपली पाळी यायची वाट बघत बसतात. रोज आत काय होतं? मालक काकांशी मालवणीत बोलतात, कॅप्टनशी मराठीत, तव्यावरच्या मुलाशी मुंबईच्या हिंदीत, आणि सगळ्यांना सगळं कळतं. मग भाषणातही तेच. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याशी रोज ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत. "तू" आणि "तुम्ही"ही रोजचेच ठेवले. पोरांना रोज तू म्हणणारा माणूस माइक हातात आल्यावर "आपण" म्हणू लागला, की तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय असं वाटतं.

ती रात्र

दिवस निवडला फेब्रुवारीतला दुसरा सोमवार. सोमवारी बरेच जण मासे खात नाहीत, त्यामुळे संध्याकाळ बंद ठेवली तरी नुकसान कमी. आंगणेवाडीची जत्राही टाळायची होती. तिची तारीख दरवर्षी देवीच्या कौलानं ठरते आणि ती लागली की मालवणकडची माणसं थांबत नाहीत, थांबवूही नयेत.

जेवण बाहेरून मागवलं आणि वाढायलाही केटररचीच माणसं होती. स्वतःच्या सत्काराचं जेवण स्वतःच रांधून वाढायचं हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो, आणि त्यानंतर कोणतंही भाषण पोकळ ठरतं. काय खायचं ते कामगारांनाच विचारलं होतं. रोज मासळीत हात असलेल्यांनी एकमतानं बिर्याणी आणि चायनीज सांगितलं. विरार, दिवा, कल्याणला जाणारी माणसं आणि बरोबर लहान मुलं असल्यामुळे भाषण साडेआठला, जेवणाच्या आधी आणि सरबत हातात असताना ठेवलं.

मालकांनी स्वतःबद्दल फक्त तीन वाक्यं ठेवली. मग सरळ पहाटेवर आले. त्यातले काही भाग इथे देते.

"पहाटे पाच वाजता मी घरी झोपलेला असतो. दादा, तुम्ही तेव्हा ससून डॉकला बर्फाच्या पाण्यात उभे असता. पापलेटचा कल्ला उघडून बघता आणि आवडला नाही तर रिकाम्या हातानं पुढच्या टोपलीकडे जाता. दोन वेळा तुम्ही पापलेट न घेताच आलात आणि मी चिडलो. त्या दिवशी मेनूवर पापलेट नव्हतं, पण शिळं खाऊन कुणी गेलं नाही. ते तुमच्यामुळे."

"ताई, शेवटच्या ऑर्डरनंतर तुम्ही रोज चार भाकऱ्या जास्त टाकता. मला हे दहा वर्षांत कळलं नव्हतं. या पोरांनी सांगितलं. त्यांनी गरम खाल्लं म्हणून संध्याकाळी ती हसून टेबलावर गेली."

"काका, तुमचा वाटाप मी कितीदा घरी करून बगलंय, जमना नाय. खोबरा किती भाजूचा ता तुम्ही माका दाखवलात, पण तुमचो हात मी खयसून आणू?"

"बेटा, तू आया तब तुझे तवा पकडना नहीं आता था. अभी संडे को एक टाइम पे बारह तुकडी तू अकेला संभालता है, और जो नया लड़का आया उसको तू चिल्लाता नहीं, दिखाता है. मैंने देखा है."

"मावशी, शनिवारी रात्री ताटांचा डोंगर असतो तरी तुम्ही आधी कढई घासता. आत सगळ्यांना माहीत आहे, मला आत्ता कळलं. कढई वेळेवर मिळते म्हणून आपली ऑर्डर वेळेवर जाते."

लॉकडाऊनबद्दल एवढंच होतं: "2020 मध्ये सहा महिने तुम्ही निम्म्या पगारावर काम केलंत. ज्यांनी केलं त्यांना मी ओळखतो आणि ते मला ओळखतात." बाकी भरल्याचा उल्लेख नव्हता. त्या नऊ जणांना तो लागणार नव्हता आणि बाकीच्यांसमोर तो मोठेपणा झाला असता. सोडून गेलेल्यांचाही उल्लेख आला. पहिल्या कॅप्टननं ठाण्यात स्वतःचं हॉटेल टाकलं आहे. त्याचं नाव घेऊन मालक म्हणाले की ऑर्डर घेताना आधी मुलांना काय हवं ते विचारायची पद्धत त्यानं इथे घातली आणि ती अजून चालू आहे. नवीन आलेल्या दोघांबद्दल स्तुती केली नाही. फक्त नावं सांगितली, कुणाच्या हाताखाली शिकतायत ते सांगितलं. महिन्याभराच्या माणसाची खोटी स्तुती केली की बाकीच्यांची खरी स्तुती स्वस्त होते.

घोषणा एकच होती. मार्च 2025 पासून, ज्याला एक वर्ष पूर्ण झालं आहे अशा प्रत्येकाला वर्षातून एकदा गावी जायचं-यायचं रेल्वेचं थ्री-टियर एसीचं भाडं, किंवा एसटीनं जाणाऱ्याला तेवढंच तिकीट, रेस्टॉरंट देईल. रजा आणि पगार वेगळे, ते जसे आहेत तसेच. घोषणेत कोण, काय, कधीपासून, या तिन्ही गोष्टी हव्यात म्हणून वाक्य मोजून लिहिलं होतं. "लवकरच काहीतरी चांगलं करू" असं भारावून म्हटलेलं वाक्य दुसऱ्या दिवसापासून मालकाच्या मागे लागतं.

पूर्ण बोलणं नऊ मिनिटांवर गेलं, कारण मावशींच्या वेळी लोक टाळ्या थांबवेनात. मालकांच्या हातात मोठ्या अक्षरांतली बावीस कार्डं होती, एका माणसाला एक. फोनवर वाचलं असतं तर मध्येच स्क्रीन बंद होते आणि मान खालीच राहते. कार्ड बघायचं, वर बघायचं, त्या माणसाला शोधायचं आणि मग बोलायचं असा सराव त्यांनी घरी तीनदा केला होता. तरी दोन ठिकाणी ते भरून आले आणि थांबले. तिथे मी काही केलं नाही. थांबू द्यायचं असतं.

सगळं जमलं असं नाही. पार्सलवरच्या मुलाची गाठीची गोष्ट लोकांना हसायची वाटली आणि तो थोडा खजील झाला. घरच्यांसमोर, विशेषतः होणाऱ्या सासुरवाडीच्या माणसांसमोर, पिशवीची गाठ हे आपलं कर्तृत्व म्हणून ऐकणं त्याला जड गेलं असावं. सोलकढी सांडल्याच्या तक्रारी थांबल्या आणि त्यातून किती ऑर्डरी वाचल्या हे आधी सांगून मग गाठीवर यायला हवं होतं, असं मालकांचं मत पडलं आणि ते बरोबर आहे. छोटी गोष्ट सांगताना तिचा परिणाम आधी यावा.

दुसरी गोष्ट वेटरांची. बाहेर काम करणाऱ्यांबद्दल आतल्यांकडे सांगण्यासारखं कमी होतं, कारण आतल्यांना ते फक्त खिडकीतून ओरडताना दिसतात. त्यामुळे चार वेटरांची वाक्यं एकमेकांसारखी झाली. रोज येणाऱ्या दोन-तीन गिऱ्हाइकांना विचारलं असतं तर ती उणीव भरून निघाली असती. पुढच्या वेळी कुणी असं भाषण करणार असेल तर हे जरूर करावं.

मंगळवारी सकाळी हजेरीपटाशेजारी तिकिटाच्या नियमाचा कागद लागला, मराठीत आणि हिंदीत, खाली मालकांची सही. पहिलं तिकीट झारखंडच्या मुलानं मार्चमध्ये, होळीला घेतलं. कार्डं मालकांनी ज्याची त्याला देऊन टाकली. आणि 2020 मध्ये निम्म्या पगारावर राबून नंतर सोडून गेलेले चार जण उरले होते. त्यांतल्या तिघांचे नंबर जुन्या वहीत सापडले, दोघांनी फोन उचलला आणि त्यांच्या खात्यात बाकी गेली आहे. तिसऱ्याचा नंबर बंद आहे. चौथ्याच्या गावच्या पत्त्यावर मालकांनी पत्र पाठवलं आहे.